इंदूरहून महाराष्ट्रातल्या कार्यालयाला मराठी पत्र : मायना आणि शेवट कसा निवडावा

इंदूरच्या मराठी घरांत मराठी बोलली जाते, वाचली जाते, पण अर्ज लिहायची सवय हाताला हिंदीत लागलेली असते. शाळेतल्या सुट्टीच्या अर्जापासून नगर निगमच्या तक्रारीपर्यंत सगळीकडे 'सेवा में', 'महोदय', 'सविनय निवेदन है कि' आणि शेवटी 'भवदीय' किंवा 'प्रार्थी'. मग कधीतरी पुण्याच्या शाळेतून दाखला हवा असतो, नाशिकच्या तहसील कार्यालयातून सातबारा हवा असतो किंवा मुंबईच्या विद्यापीठाला काही कळवायचे असते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे तिथल्या सरकारी कामकाजाची भाषा मराठी, त्यामुळे पत्र मराठीतच गेलेले बरे. आणि इथेच हिंदी अर्जाचा साचा मराठी विभक्तिप्रत्यय लावून तसाच उतरवला जातो. दोन्ही भाषांत बरेचसे शब्द दिसायला सारखे आहेत. घोटाळा नेमका त्यामुळेच होतो, कारण काही शब्दांचा मराठीत अर्थच वेगळा आहे.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. रामबागेत राहणाऱ्या एका विवाहितेने दहावीपर्यंतचे शिक्षण पुण्यात घेतले. तिचा शाळा सोडल्याचा दाखला हरवला आहे आणि तिला त्याची दुसरी प्रत हवी आहे. इंदुरी हाताने लिहिलेला पहिला कच्चा मसुदा साधारण असा होतो :

> सेवेत,
> माननीय श्री प्राचार्य जी,
> (शाळेचे नाव), पुणे
>
> विषय : शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मिळणेबाबत
>
> महोदय जी,
> सविनय निवेदन आहे की मी आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी आहे… अतः आपणास प्रार्थना आहे की या विषयात शीघ्र कारवाई करण्याचे कष्ट करावे.
> धन्यवाद.
>
> प्रार्थी
> (हस्ताक्षर)

पुण्यातल्या कारकुनाला यातला आशय कळेल, काम कदाचित होईलही. पण अशा मसुद्यात एखादे पत्र चुकीच्या टेबलावर जाईल असे दोन-तीन शब्द असतात, आणि एक शब्द तर विनंतीची तक्रार करून टाकतो. तेव्हा वरून खाली येऊ.

पहिली पायरी : पत्र कोणाला, पदाला की व्यक्तीला?

कार्यालयीन पत्र पदाला जाते. आज जे मुख्याध्यापक आहेत ते पुढच्या महिन्यात निवृत्त झाले, तरी पत्र त्या टेबलावर जिवंत राहिले पाहिजे. म्हणून सुरुवात अशी करावी :

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक,
> (शाळेचे नाव),
> (पत्ता), पुणे – (पिन)

'सेवा में' याचे मराठीकरण म्हणून 'सेवेत' लिहू नये. मराठीत 'सेवेत' म्हणजे नोकरीत. 'ते १९९८ पासून सेवेत आहेत' असे आपण म्हणतो. जुन्या मराठी अर्जांत 'यांचे सेवेशी' हा प्रयोग आहे आणि तो शुद्ध आहे, पण आता तो अर्जनवीस आणि कोर्टकचेरीच्या कागदांपुरता उरला आहे. त्याच कागदांत 'मे. तहसीलदार साो.' असेही दिसते. 'मे.' म्हणजे मेहेरबान आणि 'साो.' म्हणजे साहेब. आजोबांच्या जमिनीच्या फाइलीत हे आढळले तर गोंधळू नये, पण आपल्या नव्या पत्रात ते उचलूही नये.

'प्रति' या शब्दातला 'ति' ऱ्हस्व. दीर्घ 'प्रती' म्हणजे नकला, 'अर्जाच्या तीन प्रती' म्हणतो त्या. आणि एकदा 'प्रति' लिहिले की खाली 'मुख्याध्यापक यांना' किंवा 'यांस' नको, कारण 'ला' हा अर्थ 'प्रति'मध्येच येऊन गेलेला आहे. 'प्रति' लिहायचे नसेल तर 'मा. मुख्याध्यापक यांस,' असे लिहिता येते. दोन्हींपैकी एकच.

'मा.' पदाला लागते, 'श्री.' किंवा 'श्रीमती' नावाला. म्हणून 'माननीय श्री प्राचार्य जी' यात एकावर एक तीन टोप्या आहेत. नाव नक्की ठाऊक असेल आणि लिहायचेच असेल, तर 'श्री. (नाव), मुख्याध्यापक' असे लिहावे. मराठीत 'श्री.'पुढे टिंब येते. 'जी' कुठेच नको. मराठी माणूस समोरासमोर साहेब, सर, बाई म्हणतो, पण कार्यालयीन पत्राच्या पत्त्यात तेही गाळतो. महिला अधिकाऱ्यांच्या नावाआधी 'श्रीमती' लिहावे. 'सौ.' लिहिले की त्या विवाहित आहेत हे आपण परस्पर ठरवून टाकतो, आणि त्याचा पत्राशी काही संबंध नसतो.

पदनाम : इथे पत्र खरोखर चुकते

मध्य प्रदेशात उच्च माध्यमिक शाळेचे प्रमुख 'प्राचार्य' असतात. महाराष्ट्रात शाळेचे प्रमुख मुख्याध्यापक आणि महाविद्यालयाचे प्रमुख प्राचार्य. एकाच संस्थेची शाळा आणि महाविद्यालय एकाच आवारात असेल, आणि पुण्यात हे सर्रास आहे, तर 'मा. प्राचार्य' लिहिलेले पाकीट सरळ महाविद्यालयाच्या कार्यालयात जाते. तिथे शाळेचे जनरल रजिस्टर नसते. पत्र परत येत नाही, नुसते पडून राहते. दोन आठवड्यांनी फोन केला की 'इथे असे काही आलेलेच नाही' हे उत्तर शाळेकडून मिळते, आणि ते खरेच असते.

याहून मोठी चूक विद्यापीठाच्या पत्रात होते. इंदूरमध्ये वर्षानुवर्षे विश्वविद्यालयाच्या प्रमुखांना 'कुलपति' म्हटले गेले. त्यांच्या वरचे राज्यपाल ते 'कुलाधिपति'. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये 'कुलपति'च्या जागी 'कुलगुरु' हे पदनाम घेतले, पण बोलण्यातला जुना शब्द अजून गेलेला नाही. महाराष्ट्रात विद्यापीठ चालवणारे ते कुलगुरू, आणि राज्य विद्यापीठांचे कुलपती म्हणजे राज्यपाल. तेव्हा 'मा. कुलपती, मुंबई विद्यापीठ' असे लिहिले तर शब्दशः तो अर्ज राज्यपालांना होतो. गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र अशा कामांसाठी तर कुलगुरूंनाही लिहायची गरज नसते. परीक्षेचे काम परीक्षा विभागाकडे, इतर प्रशासकीय काम कुलसचिवांकडे.

बाकीची पदे सोपी आहेत. आपण कलेक्टर म्हणतो ते तिकडे जिल्हाधिकारी, एसडीएम ते उपविभागीय अधिकारी (लोक त्यांना प्रांत म्हणतात), थाना प्रभारी ते पोलीस ठाण्याचे पोलीस निरीक्षक, नगरपालिकेचे सीएमओ ते मुख्याधिकारी. तहसीलदार दोन्हीकडे तहसीलदारच. शंका असली तर त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्याकडून आलेल्या जुन्या कागदावर सहीखाली जे पदनाम छापलेले असेल, ते जसेच्या तसे उतरवावे.

एखादा अर्ज वरच्या अधिकाऱ्याला, पण खालच्यामार्फत द्यायचा असतो. तेव्हा 'मा. शिक्षणाधिकारी' असे लिहून त्याखाली 'मार्फत : मा. मुख्याध्यापक' अशी ओळ घालावी. पुढचे सगळे संबोधन शेवटच्या, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याला धरून लिहायचे.

दुसरी पायरी : संबोधन

मराठी कार्यालयीन पत्रात आधी विषय, असेल तर संदर्भ, आणि त्यानंतर संबोधन येते. अधिकारी पुरुष असेल तर 'महोदय,' आणि महिला असेल तर 'महोदया,'. माहीत नसेल तर 'महोदय/महोदया,'. शब्दापुढे स्वल्पविराम द्यावा आणि मजकूर पुढच्या ओळीवर घ्यावा. 'महोदय जी' नको, 'माननीय महोदय'ही नको. मान वरच्या 'मा.'मध्ये देऊन झालेला आहे. 'महाशय' जुन्या पत्रांत दिसतो, चूक नाही, पण आता कानाला परका वाटतो.

'आदरणीय सर' किंवा 'आदरणीय बाई' हे संबोधन त्या शाळेत आज शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांना वापरावे. आपली रामबागेतली अर्जदार वीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेली आहे. आजचे मुख्याध्यापक तिला ओळखत नाहीत, तीही त्यांना ओळखत नाही. तिने 'महोदय/महोदया' हेच लिहावे.

आणि 'स.न.वि.वि.'? 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' हा मायना बरोबरीच्या माणसांतल्या, थोड्या स्नेहाच्या पत्राचा आहे. इंदूरमधल्याच एखाद्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना व्याख्यानाचे निमंत्रण द्यायचे असेल तर तो शोभतो. त्याच मंडळाकडे मुलीच्या लग्नासाठी सभागृह मागायचे असेल, पावती फाडायची असेल, तर मात्र 'महोदय' बरे. ओळख असली तरी तो कागद फाइलीत लागणार आणि कार्यकारिणीतले बाकीचे लोकही तो वाचणार. तहसीलदार, मुख्याध्यापक, पोलीस निरीक्षक यांना 'स.न.वि.वि.' कधीच नाही. 'तीर्थरूप' घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी, त्याचा इथे प्रश्नच येत नाही.

तिसरी पायरी : विनंतीचे शेवटचे वाक्य

मायना आणि सही यांच्यामध्ये खरा सूर ठरतो तो शेवटच्या वाक्यात. कच्च्या मसुद्यातले 'आपणास प्रार्थना आहे' हे मराठीत देवापुढे म्हणायचे वाक्य आहे. अधिकाऱ्याला विनंती करतात. 'कष्ट करावे' हा 'कष्ट करें'चा सरळ उतारा. मराठीत कष्ट म्हणजे राबणे. फार तर 'तसदी घ्यावी' म्हणता येईल, पण दाखल्यासारख्या नेहमीच्या कामात तेही जास्त होते. 'अतः'च्या जागी 'तरी'.

सर्वांत जपून वापरायचा शब्द 'कारवाई'. मराठीत कारवाई कोणावर तरी होते : अतिक्रमणावर, दोषी कर्मचाऱ्यावर. दाखला मागताना 'शीघ्र कारवाई करावी' लिहिले तर वाचणाऱ्याला क्षणभर वाटते की आपल्या शाळेतल्या कोणाविरुद्ध तक्रार आली आहे. काम पुढे सरकावे एवढेच म्हणायचे असेल तर 'कार्यवाही'. 'निवेदन'ही असाच फसवा शब्द आहे. मराठीत निवेदन म्हणजे संघटना मोर्चा काढून जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती देतात तो मागण्यांचा कागद. एका व्यक्तीचा तो अर्ज.

क्रियापद 'करावे', 'मिळावा', 'व्हावी' अशा रूपात ठेवले की हुकूमही होत नाही आणि लाचारीही वाटत नाही. साधे वाक्य असे बसते : 'तरी मला दाखल्याची दुय्यम प्रत मिळावी, ही नम्र विनंती.' जुन्या मोडी पत्रांत वरिष्ठाने दिलेला हुकूम 'जाणिजे' म्हणून संपायचा आणि बरोबरीच्याला लिहिलेले पत्र 'हे विनंती' म्हणून. आजची 'ही विनंती' त्याच वळणाची आहे. 'विनंती'मधला 'ती' दीर्घ, तो ऱ्हस्व होऊ देऊ नये.

'धन्यवाद' चूक नाही, पण विनंतीनंतर लगेच ठोकून दिलेला 'धन्यवाद' काम झालेच असे गृहीत धरतो. शिवाय 'ही नम्र विनंती' या शब्दांवर पत्र आपोआप थांबते, त्यापुढे काही लागत नाही. 'कळावे' हा शब्द काही कळवण्याच्या पत्रात, म्हणजे पत्ता बदलल्याचे, बैठकीला येत असल्याचे सांगताना, शोभतो. 'कळावे, लोभ असावा' फक्त स्नेहाच्या पत्रात.

चौथी पायरी : समारोप आणि सही

समारोप आणि मायना यांची जोडी जमली पाहिजे. 'महोदय' असेल तर 'आपला विश्वासू'. 'आदरणीय सर' असेल तर 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' ('शिष्य' नव्हे; शिष्य गायनाच्या गुरूचा). 'स.न.वि.वि.' असेल तर 'आपला स्नेहांकित'. बिघडते ते बहुतेक वेळा इथेच : वर कोरडे 'महोदय' आणि खाली 'आपला स्नेहांकित', किंवा वर 'स.न.वि.वि.' आणि खाली 'अर्जदार'. एकाच पत्रात दोन नाती दिसू लागतात.

'आपला' हे रूप सही करणाऱ्याप्रमाणे बदलते, पत्र घेणाऱ्याप्रमाणे नाही. पुरुष सही करत असेल तर 'आपला विश्वासू', स्त्री असेल तर 'आपली विश्वासू', दोघे-चौघे मिळून किंवा मंडळातर्फे असेल तर 'आपले विश्वासू'. जुना मसुदा उतरवून घेताना 'आपला' तसाच राहून जातो, आणि बाईंच्या नावावर पुरुषाची सही असल्यासारखे वाचले जाते. 'विश्वासू'चा 'सू' दीर्घ.

'भवदीय' मराठीतही समजतो, काही बँकांच्या पत्रांत तो दिसतोही. त्यामुळे तो राहिला तर कोणी नाक मुरडणार नाही, पण स्त्रीने लिहिताना 'भवदीया' करायला विसरू नये. 'प्रार्थी' मात्र काढावा. त्या जागी 'अर्जदार' चालतो, विशेषतः छापील किंवा अर्जवजा कागदावर. 'अर्जदार' आणि 'आपली विश्वासू' दोन्ही एकाखाली एक लिहायची गरज नाही. 'आपला कृपाभिलाषी' जुन्या पिढीचा. दाखल्यासाठी इतके वाकायचे कारण नाही.

सहीच्या जागी कंसात '(हस्ताक्षर)' लिहू नये. मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचे वळण. 'तिचे हस्ताक्षर मोत्यासारखे आहे' म्हणतो ते. इथे 'सही' किंवा 'स्वाक्षरी'. स्वतःच्या नावाआधी श्री., सौ., कु. काहीही लावू नये. सही करणारी व्यक्ती स्त्री आहे हे 'आपली'वरून कळते.

दाखल्याच्या पत्रात नावाची एक वेगळी अडचण असते. शाळेच्या रजिस्टरमध्ये माहेरचे नाव, आणि आधारवर सासरचे. सही आजच्या नावाची करावी आणि लगेच खालच्या ओळीवर 'शाळेतील नाव' द्यावे. नाहीतर कारकून रजिस्टरमध्ये सासरच्या आडनावाने शोधतो आणि 'अशी विद्यार्थिनी आढळत नाही' असे उत्तर लिहितो. सोबत जोडलेल्या कागदांची यादी सहीच्या खाली, डावीकडे, 'सोबत :' असे लिहून द्यावी. 'संलग्न' लिहिले तरी कळते, पण 'सोबत' हा तिथला नेहमीचा शब्द.

आता तेच पत्र पुन्हा :

> दिनांक : ………
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापक,
> (शाळेचे नाव),
> (पत्ता), पुणे – (पिन)
>
> विषय : शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत मिळण्याबाबत
>
> महोदय/महोदया,
>
> वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मी आपल्या शाळेतून मार्च २००४ मध्ये दहावी उत्तीर्ण झाले. त्या वेळी मिळालेला शाळा सोडल्याचा दाखला गहाळ झाला आहे. माझे शाळेतील नाव, जन्मतारीख आणि तुकडी खाली दिली आहे.
>
> दुय्यम प्रतीसाठी लागणारे शुल्क व कागदपत्रे कळवल्यास मी ती लगेच पाठवीन. तरी मला दाखल्याची दुय्यम प्रत मिळावी, ही नम्र विनंती.
>
> आपली विश्वासू,
>
> (सही)
> (आजचे पूर्ण नाव)
> शाळेतील नाव : ………
> जन्मतारीख : ……… तुकडी : ………
> रामबाग, इंदूर – (पिन), मोबाइल : ………
>
> सोबत : १) आधारची छायाप्रत २) विवाह नोंदणी दाखल्याची छायाप्रत ३) दहावीच्या गुणपत्रिकेची छायाप्रत

पारंपरिक पद्धतीत दिनांक आणि 'आपली विश्वासू' उजवीकडे येतात. संगणकावर टाइप केलेल्या पत्रात सगळे डावीकडे घेतले तरी चालते, मात्र दिनांक एका बाजूला आणि समारोप दुसऱ्या बाजूला असे नको. प्रतिज्ञापत्र लागते का, पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद लागते का, हे शाळा सांगेल. म्हणूनच 'कळवल्यास' हे वाक्य पत्रात ठेवले आहे. नसेल तर नुसत्या चौकशीसाठी आणखी एक पत्र लिहावे लागते.

महिनाभर उत्तर आले नाही तर स्मरणपत्र. त्यात मायना आणि समारोप पहिल्या पत्रातलेच ठेवावेत. राग आला म्हणून 'महोदय' गाळून थेट मुद्द्यावर येऊ नये, आणि काम व्हावे म्हणून 'परमआदरणीय'वरही चढू नये. विषयाच्या खाली 'संदर्भ : माझा दिनांक ……… चा अर्ज' ही ओळ घालावी, पहिल्या अर्जाची छायाप्रत जोडावी आणि शेवटचे वाक्य एवढेच बदलावे : 'वरील अर्जावर अद्याप उत्तर मिळालेले नाही. तरी आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.'